जुन्या कंपनीत परतलात? मधली वर्षं पुसू नका

‘त्याच कंपनीत परत रुजू झाल्यावर रेझ्युमेवर सलग एकच नोकरी दाखवावी, म्हणजे खंड दिसत नाही, हे खरं ना?’

नाही, आणि हा सल्ला नोकरी घालवू शकतो. पडताळणीत अनुभवपत्र आणि पीएफचा सेवा-इतिहास मागतात. यूएएन एकच असला तरी दोन्ही वेळच्या रुजू झाल्याच्या आणि सोडल्याच्या तारखा तिथे वेगवेगळ्या नोंदलेल्या असतात. ‘२०१६ ते आजपर्यंत’ लिहिलंत, तर खंड नव्हे, खोटी तारीख अडचणीत आणते.

समजा, लेखा विभागातली नोकरी बाळंतपणासाठी सोडली होती. नवी नोंद नेहमीप्रमाणे वर:

वरिष्ठ लेखापाल (पुन्हा रुजू), जून २०२२ ते आजपर्यंत
कौटुंबिक खंड, एप्रिल २०१९ ते मे २०२२: जीएसटी विवरणपत्रांचा अभ्यासक्रम, दोन दुकानांचे हिशेब
लेखापाल, जुलै २०१६ ते मार्च २०१९

दोन्ही नोकऱ्यांपुढे कंपनीचं नाव लिहा. खंडाला एक ओळ पुरे. कारणाचा तपशील मुलाखतीत. नवं कौशल्य मात्र वरच्या नोंदीत कामाला लागलेलं दिसू द्या: ‘जीएसटीचा मासिक ताळमेळ स्वतंत्रपणे सांभाळते.’ नुसतं प्रमाणपत्र लिहिलं, तर ते कामात उतरलं का, हे वाचणाऱ्याला कळत नाही.