इंटरलँग्वेज प्रॅग्मॅटिक्स : विनंती व नकारातील संक्रमण

दुसरी भाषा शिकणारी व्यक्ती त्या भाषेत विनंती, नकार, दिलगिरी यांसारख्या भाषिक कृती कशा पार पाडते आणि समोरच्याच्या अशा कृती कशा समजून घेते, याचा अभ्यास करणारी भाषाविज्ञानाची शाखा. पहिल्या भाषेतील व्यवहाराचे संकेत शिकणाऱ्याच्या नव्या भाषेतील बोलण्यात उतरतात, या प्रक्रियेला संक्रमण म्हणतात.

शाखेचा आरंभ नेमका कोठे मानावा, यावर एकमत नाही. परभाषा शिकताना शिकणाऱ्याच्या मनात घडत जाणारी मधली भाषाव्यवस्था या अर्थाची ‘इंटरलँग्वेज’ ही संज्ञा लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये रूढ केली. परंतु त्यांचा रोख प्रामुख्याने शिकणाऱ्याच्या भाषाव्यवस्थेवर होता, बोलण्यातील अदबीवर नव्हता. हिब्रू शिकणाऱ्या इंग्रजी भाषकांची विनंती मूळ हिब्रू भाषकांपेक्षा अधिक आडवळणाची असते, असे शोशाना ब्लुम-कुल्का यांनी १९८२ मध्ये दाखविले. पुढच्याच वर्षी जेनी थॉमस यांनी चुकीचा भाषिक साचा वापरल्याने होणारा गैरसमज आणि सामाजिक अंदाज चुकल्याने होणारा गैरसमज असे दोन प्रकार वेगळे केले. गॅब्रिएले कॅस्पर यांनी १९९२ मध्ये हीच विभागणी संक्रमणाला लावली. विनंती-नकाराच्या अभ्यासापुरता विचार केला, तर १९८० नंतरचे हे काम आरंभबिंदू मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

नकाराच्या संदर्भात लेस्ली बीब, टोमोको ताकाहाशी आणि रॉबिन उलिस-वेल्ट्झ यांचा १९९० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास पायाभूत मानला जातो. त्यात जपानीत उत्तरे देणारे २० जपानी, इंग्रजीत उत्तरे देणारे २० जपानी आणि २० अमेरिकन असे तीन गट होते. प्रत्येकाला १२ प्रसंगांची लेखी प्रश्नावली देण्यात आली. विनंती, निमंत्रण, देऊ केलेली गोष्ट आणि सूचना यांना वरिष्ठ, बरोबरीच्या व कनिष्ठ व्यक्तीपुढे नकार द्यायचा होता. एका प्रसंगात कामाची वेळ संपत आलेली असताना वरिष्ठ आणखी तास-दोन तास थांबायला सांगतो. उत्तरासाठी मोकळी जागा सोडून खाली वरिष्ठाचे पुढचे वाक्य आधीच छापलेले असते, त्यामुळे होकार देण्याची वाटच उरत नाही.

मिळालेल्या उत्तरांचे दिलगिरी, कारण, अनुकूल मत, पर्याय अशा घटकांत तुकडे करून त्यांचा क्रम, वारंवारता आणि आशय तपासण्यात आला. शिकणाऱ्यांचा कल जपानी गटाशी जुळत असेल आणि अमेरिकन गटापासून दूर असेल, तर ते संक्रमण समजावे, असा निकष होता. जपानी भाषकांची दिलगिरी समोरच्याच्या दर्जानुसार बदलत होती आणि इंग्रजीत बोलतानाही हा कल टिकून राहिला. कारणांतील फरक विशेष बोलका आहे : अमेरिकन उत्तरांत कोठे व केव्हा जायचे आहे याचा तपशील असे, तर जपानी उत्तरांत ते मोघम असे. सफाई करणाऱ्या बाईंच्या हातून मौल्यवान वस्तू फुटते व त्या भरपाई देऊ करतात, या प्रसंगी वस्तू कधी ना कधी फुटायचीच, अशा आशयाचे तत्त्वपर विधान जपानी उत्तरांत आढळते.

भाषेवरील प्रभुत्व वाढले की संक्रमण वाढते, असे अनुमान ताकाहाशी आणि बीब यांनी १९८७ मध्ये मांडले होते. मातृभाषेतील नाजूक वळण परभाषेत उतरविण्याइतकी सामग्री प्रगत विद्यार्थ्याकडेच असते, हा त्यामागील तर्क. माएशिबा, योशिनागा, कॅस्पर व रॉस यांना मात्र १९९६ मध्ये दिलगिरीच्या बाबतीत उलट चित्र दिसले : मध्यम पातळीच्या विद्यार्थ्यांत प्रगत विद्यार्थ्यांपेक्षा अधिक संक्रमण होते. दोन्ही निष्कर्ष वेगळ्या भाषिक कृतींविषयी आहेत, म्हणून एकाने दुसऱ्याचे पूर्ण खंडन होत नाही; तरीही मूळ अनुमान सार्वत्रिक नियम म्हणून स्वीकारणे कठीण आहे.

विनंतीत मुख्य मागणी आणि तिच्या आगेमागे येणारी स्पष्टीकरणे वेगळी मोजतात. ब्लुम-कुल्का आणि एलिट ओल्श्टाइन यांनी १९८६ मध्ये दाखविल्याप्रमाणे हिब्रू शिकणारे मूळ भाषकांपेक्षा लांबलचक विनंती करतात. हा पाल्हाळ पहिल्या भाषेतून आलेला असेलच असे नाही. आपले म्हणणे पोहोचेल की नाही या धास्तीनेही शिकणारा अधिक बोलतो. म्हणून पहिल्या भाषेतील नमुना हाताशी नसेल, तर प्रत्येक फरकावर संक्रमणाचा शिक्का मारणे धोक्याचे ठरते.

मराठीत ‘जरा पेन द्या ना’ ही आज्ञार्थी रचना असूनही सौम्य विनंती ठरते, कारण आदर ‘द्या’ या क्रियारूपात आणि आर्जव ‘जरा’ व ‘ना’ यांत असते. इंग्रजी क्रियापदात आदरार्थी रूप नाही. आज्ञार्थ तसाच नेल्यास अदब गळून पडते आणि उरलेली मागणी ऐकणाऱ्याला हुकूम वाटू शकते. थॉमस यांच्या विभागणीनुसार हा पहिल्या प्रकारचा, म्हणजे साच्याचा गैरसमज होय. वरिष्ठाला स्पष्ट नाही न म्हणता ‘बघतो’ एवढेच म्हणावे, हा अंदाज परभाषेत नेला तर गैरसमज दुसऱ्या प्रकारचा असतो. तो दुरुस्त करणे अवघड, कारण बोलणाऱ्याच्या वाक्यात व्याकरणाची चूक सापडत नाही.

लेखी प्रश्नावलीच्या मर्यादा बीब आणि मार्था कमिंग्स यांनी प्रत्यक्ष दूरध्वनी-संभाषणांशी तुलना करून स्पष्ट केल्या. नकाराचे घटक दोन्हींकडे बहुतांशी तेच आढळले, पण बोलताना नकार लांबतो, कारणे पुन्हा पुन्हा दिली जातात आणि समोरच्याच्या प्रतिसादानुसार वाटाघाट होते. स्वर, विराम आणि मौन हे तर कागदावर उमटतच नाहीत.