बॅटरी अदलाबदल (विद्युत दुचाकी)

उतरलेला बॅटरी पॅक स्थानकातील रिकाम्या खणात ठेवून दुसरा भरलेला पॅक घेण्याची पद्धत; रूढ नाव ‘स्वॅपिंग’. पॅकची मालकी बहुधा सेवा चालवणाऱ्या कंपनीकडे असते.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत हार्टफर्ड येथील वीजकंपनी ट्रकांसाठी अशी सेवा देत असे. काही जण या पद्धतीचा उगम तेथपर्यंत नेतात. पण दुचाकीचा पॅक चालकाने स्वतः हाताने उचलायचा असतो, हा भेद मोठा आहे. त्यामुळे आजच्या पद्धतीची सुरुवात २०१५ च्या सुमारास तैवानमध्ये उभ्या राहिलेल्या गोगोरो या विद्युत स्कूटर कंपनीच्या स्थानकांच्या जाळ्यापासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

पॅकचा आकार मुख्यतः वजनाने ठरतो. होंडाचा ‘मोबाइल पॉवर पॅक ई’ सुमारे ५० व्होल्ट, १.३ किलोवॅट-तास आणि १०.३ किलो वजनाचा आहे. याहून जड पॅक वारंवार उचलणे अवघड, म्हणून जास्त पल्ल्याच्या गाडीत दोन पॅक बसवतात. होंडा, यामाहा, केटीएम व पियाजिओ यांनी २०२१ मध्ये समान पॅकसाठी संघ स्थापला. मात्र नुसती मापे जुळून भागत नाही. जोडणीच्या पिना, व्होल्टता आणि पॅक-गाडीतला संदेशव्यवहारही जुळावा लागतो.

घरचा पॅक रोज ३०% वापरला, तर वर्षात साधारण ११० पूर्ण चक्रे, म्हणजे तितक्या वेळा पूर्ण उतरून भरण्याइतका वापर, होतो. त्याची झीज बरीचशी काळामुळे होते, विशेषतः तो उन्हात पूर्ण भरून ठेवल्यास. सामाईक पॅक दिवसातून दोनदा ७०% उतरला, तर चक्रे ५१० च्या घरात जातात. शिवाय तो गाडीतून गरम निघतो. थंड होऊ न देता चार्ज केला की झीज वाढते. वारंवार काढघालीने पिना झिजून संपर्करोध वाढतो आणि जोडणी तापू लागते.

खरी अडचण जोडीची आहे. एकसर जोडणीत २६ अँपिअर-तासांचा नवा पॅक आणि ८०% क्षमता उरलेला जुना पॅक एकत्र आले, असे समजा. दोन्हींतून सारखाच प्रवाह जातो. २०.८ अँपिअर-तास वापरताच जुना पॅक रिकामा होतो आणि गाडी थांबते. नव्यात मात्र ५.२, म्हणजे पाचवा हिस्सा, तसाच उरतो. जुना प्रत्येक वेळी तळापर्यंत उतरत असल्याने आणखी लवकर खंगतो. घरच्या जोडीत हा प्रश्न सहसा येत नाही, कारण दोन्ही पॅक बरोबरीने म्हातारे होतात. समांतर जोडणीत असमान पॅकमध्ये आपसात प्रवाह वाहू शकतो, म्हणून व्होल्टता जुळेपर्यंत नियंत्रकाने ते जोडू नयेत.

एकाच गाडीतून परतलेल्या दोन पॅकच्या उरलेल्या चार्जमध्ये सतत मोठी तफावत दिसली, तर जोडी विजोड आहे असे समजावे. स्थानकाने प्रत्येक पॅकची मोजलेली क्षमता नोंदवून जवळपास सारखेच पॅक एकत्र द्यावेत. अर्धवट उतरून परतणाऱ्या पॅकचा क्षमतेचा अंदाज हळूहळू चुकत जातो. तो सुधारण्यासाठी अधूनमधून एक पूर्ण चक्र चालवून अँपिअर-तास नव्याने मोजावे लागतात.