आसामीचा र, बंगालीचा र

गुवाहाटी हे नाव आसामीत গুৱাহাটী असे लिहितात आणि बंगालीत গুয়াহাটি असे. दोन्ही शेजारी ठेवून पाहिली की वळणे तीच, शिरोरेषा तीच, आणि अनोळखी डोळ्याला भाषाही एकच वाटते. मधल्या ৱ वर मात्र नजर अडायला हवी, कारण हे अक्षर आजच्या बंगाली वर्णमालेत नाही. संस्कृतातले ब आणि व बंगालीत एकाच ব मध्ये मिसळले. आसामीने व चा उच्चार राखला आणि त्यासाठी ব च्या तळाशी एक रेघ देऊन वेगळे अक्षर ठेवले.

दुसरा फरक र चा. बंगाली र म्हणजे ব खाली टिंब: র. आसामी र म्हणजे ব च्या पोटात तिरकी रेघ: ৰ. जुन्या बंगाली हस्तलिखितांतही पोटात रेघ असलेला र सापडतो. पुढे छापील बंगालीत टिंबाचा र रुळला, आसामीत रेघेचा राहिला.

बाकी लिपी सामायिक असल्यामुळे युनिकोडने दोन्ही भाषांना एकच कोष्टक दिले. ते U+0980 पासून सुरू होते आणि त्याचे नाव ‘बंगाली’ आहे. त्यात बंगाली র ला U+09B0 हा क्रमांक मिळाला, म्हणजे देवनागरी र (U+0930) ज्या ओळीत बसतो तीच जागा. आसामीची दोन अक्षरे पार शेवटी, U+09F0 आणि U+09F1 वर गेली. त्यातही ৱ चे अधिकृत नाव RA WITH LOWER DIAGONAL असे पडले. अक्षर व चे आणि नाव र चे! युनिकोडमध्ये एकदा दिलेले नाव बदलत नाही, त्यामुळे ती चूक कायमची राहिली. आसामी माणसाला ती खुपते, आणि खुपणारच.

इथे मराठी वाचकाला प्रश्न पडेल. आपला ल आणि हिंदीचा ल वेगळा दिसतो, तरी क्रमांक एकच असतो. मजकूर मराठी आहे असे कळले की चांगला फॉन्ट आपले वळण दाखवतो. র आणि ৰ चे तसे का केले नाही? कारण भाषेची ती खूण साध्या मजकुरात टिकत नाही. फाइलच्या नावात किंवा मोबाइलच्या संदेशात फक्त क्रमांक जातात. वळण बदलले तरी आपला ल वाचता येतो, पण आसामी वाचकासाठी टिंबाचा র हे त्याच्या वर्णमालेतले अक्षरच नव्हे. म्हणून स्वतंत्र क्रमांक देणे योग्यच होते, असे मला वाटते.

त्याची किंमत मात्र जोडाक्षरांत मोजावी लागते. ‘धर्म’ हा शब्द दोन्ही भाषांत आहे. र रफार होऊन म च्या डोक्यावर बसला की टिंब आणि पोटातली रेघ दोन्ही नाहीशी होतात, उरतो तोच रफार. पडद्यावर शब्द तंतोतंत सारखे, आत मात्र असे:

```
ধর্ম  09A7 09B0 09CD 09AE
ধৰ্ম  09A7 09F0 09CD 09AE
```

फॉन्ट बनवणाऱ्याने रफाराचा नियम (`rphf`) फक्त 09B0 साठी लिहिला, तर बंगाली शब्द नीट उमटतो आणि आसामी शब्दात पाय मोडलेला ৰ म च्या शेजारी सुटा उभा राहतो. প্ৰ सारख्या जोडाक्षरातल्या खालच्या र चेही तेच. म्हणून फॉन्ट तपासताना नुसता ৰ दिसतो का एवढे पाहून भागत नाही. ধৰ্ম आणि প্ৰথম टाइप करून पाहावे लागतात.

कीबोर्डचा घोटाळा याहून लपलेला. इन्स्क्रिप्टवर मराठी टाइप करणाऱ्यांचा र j या कळीवर असतो. त्याच कळीवर बंगाली मांडणी র देते, आसामी मांडणी ৰ. आसामी लिहिणाऱ्याने हाताशी असलेली बंगाली मांडणी वापरली, तर সৰু (लहान) चे সরু होते आणि चूक लगेच दिसते. ধর্ম मध्ये ती दिसतच नाही. मुद्रितशोधकाने कितीही डोळे ताणले तरी सापडणार नाही. पण दुसऱ्याने शुद्ध आसामीत शोध घेतला की तो शब्द हाती लागत नाही. उपाय एवढाच, की शोधताना दोन्ही र एकच धरायचे आणि साठवलेला मजकूर तसाच ठेवायचा. सरसकट बदल केला, तर आसामी लेखातले बंगाली अवतरण बिघडेल.

क्रम लावतानाही हेच आडवे येते. ৰং (रंग), লোক (माणूस), হাত (हात) हा आसामी वर्णमालेचा क्रम. केवळ क्रमांकांवरून लावले, तर संगणक असे देतो:

```
sorted(["ৰং", "লোক", "হাত"])
['লোক', 'হাত', 'ৰং']
```

र ची जागा य नंतर, पण 09F0 हा क्रमांक ह च्याही पुढचा, म्हणून र चे सगळे शब्द यादीच्या तळाला जातात. ক্ষ ची गोष्ट उलटी. आसामी वर्णमालेत ते ह नंतरचे स्वतंत्र अक्षर आहे, पण युनिकोडमध्ये त्याला स्वतःचा क्रमांक नाही. ते ক, हसंत आणि ষ असे तीन तुकड्यांत साठते आणि यादीत वर, क च्या शब्दांत जाऊन बसते. त्यामुळे आसामी शब्दांची यादी लावताना ৰ ला खालून वर आणि ক্ষ ला वरून खाली आणणारे वेगळे नियम आज्ञावलीला द्यावे लागतात. बंगालीसाठी लिहिलेले नियम तिथे चालत नाहीत.