एकभुक्त आहार आणि वजनी व्यायाम

दिवसभराचे सगळे अन्न एकाच बैठकीत, साधारण तासाभरात खायचे आणि उरलेले २३ तास पाणी, कोरा चहा किंवा काळी कॉफी यांवर काढायचे, या पद्धतीला जिममध्ये ‘ओमॅड’ म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘एकभुक्त’ हा शब्द पूर्वीपासून आहे. चातुर्मासात एकभुक्त राहणारे आणि जैन समाजात एकासणे करणारे लोक हेच धार्मिक हेतूने करतात. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघरी पोहोचवलेली पद्धत दोन जेवणांची आहे, त्यामुळे ती या नोंदीत येत नाही. वजने उचलून स्नायू वाढवू पाहणाऱ्याने एकदाच जेवले तर काय होते, एवढ्यापुरतीच ही नोंद आहे.

या पद्धतीविरुद्ध जिममध्ये पहिला आक्षेप ऐकू येतो तो असा, की एका वेळी ३० ग्रॅमच्या वर प्रोटीन शरीराला लागतच नाही, बाकीचे वाया जाते. हा आक्षेप चुकीचा आहे. आतडे १०० ग्रॅमही पचवून शोषून घेते, फक्त त्याला वेळ लागतो. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथे तरुण पुरुषांना व्यायामानंतर काहींना २५ आणि काहींना १०० ग्रॅम दूध-प्रोटीन देऊन १२ तास मोजमाप केले गेले. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात १०० ग्रॅमवाल्यांच्या स्नायूंत नवे प्रोटीन जास्त बनले आणि ते जास्त वेळ बनत राहिले.

मग अडचण कुठे आहे? त्या प्रयोगात एक मोठा डोस एका लहान डोसाशी ताडला होता. एकूण प्रोटीन तेवढेच ठेवून फक्त वाटणी बदलली, तर चित्र वेगळे दिसते. २०१३च्या एका ऑस्ट्रेलियन प्रयोगात व्यायामानंतरच्या १२ तासांत सगळ्यांना ८० ग्रॅम व्हे, म्हणजे दुधाच्या निवळीतले प्रोटीन, दिले होते. कोणाला दर दीड तासाला १०, कोणाला दर तीन तासांना २०, तर कोणाला दर सहा तासांना ४० ग्रॅम. त्यात २०-२० ग्रॅमची वाटणी सरस ठरली. दोन्ही प्रयोग काही तासांचे आहेत, महिनोन्‌महिन्यांत दंडाचा घेर किती वाढला हे ते सांगत नाहीत. त्यामुळे वाटणीचा फरक खरा असला तरी तो एकूण प्रोटीनपेक्षा लहान आहे, असेच मानावे. एकूण प्रोटीन पुरेसे असेल तर एकभुक्त माणसाचे थोडे नुकसान होते, ते कमी पडले तर बरेच होते. आणि ते कमी पडते, कारण ते ताटात मावत नाही.

हे एका ताटावरूनच पाहू. ७५ किलो वजनाचा, संध्याकाळी साडेसहाला जिमला जाणारा आणि साडेआठला जेवणारा शाकाहारी माणूस घेऊ. किलोमागे १.६ ग्रॅम हे स्नायूवाढीसाठी सर्वसाधारणपणे धरले जाणारे प्रमाण घेतले, तर त्याला १२० ग्रॅम प्रोटीन हवे. त्याच्या ताटात ज्वारीच्या तीन मोठ्या भाकऱ्या (१८ ग्रॅम), दोन वाट्या घट्ट वरण (१४), वाटीभर मटकीची उसळ (९), १५० ग्रॅम पनीर (२७), ३०० ग्रॅम दही (१०), वाटीभर भात (४), मूठभर शेंगदाणे (१०) आणि शिवाय भाजी. एवढे सगळे मिळून ९२ ग्रॅम होतात. शिजलेल्या अन्नाचे वजन दीड किलोच्या पुढे जाते. उष्मांक तेल-तूप धरून सुमारे २,१०० भरतात आणि त्याची रोजची गरज २,६००च्या आसपास आहे. व्हेचा एक स्कूप घातला तर प्रोटीन कसेबसे ११६वर येते, पण उष्मांकांची तूट राहतेच. रोज हे ताट संपवणारा माणूस विरळा. बहुतेक जण तिसरी भाकरी आणि दही सोडतात आणि ‘पोट भरलं’ म्हणून उठतात. पोट भरते हे खरेच आहे. अंडी-चिकन खाणाऱ्याला हेच गणित सोपे जाते, कारण २५० ग्रॅम कच्च्या चिकन ब्रेस्टमध्येच ५५ ग्रॅमच्या वर प्रोटीन असते.

चरबी उतरवायची असेल तर ही तूट चालेल. ‘बल्किंग’ म्हणून, म्हणजे वजन आणि स्नायू वाढवायला, हेच करणाऱ्याचे मात्र वर्ष फुकट जाते.

सूक्ष्म पोषकांची गोष्ट वेगळी आहे. तिथे ताटातले पदार्थ एकमेकांच्या आड येतात. वरच्या ताटात कॅल्शियम हजार मिलिग्रॅमच्या घरात असते आणि कागदावर ते पुरेसे दिसते. पण एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या पुढे गेले की शोषणाचे प्रमाण घसरत जाते. तेच पनीर-दही भाकरी आणि मटकीतल्या लोहाचे शोषण कमी करते, धान्य-कडधान्यांतले फायटेट हे लोह बांधून ठेवणारे द्रव्य त्यात भर घालते आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर आणखी घट होते. तीन वेळा जेवणारा नकळत दूध सकाळी, उसळ-लिंबू दुपारी अशी फारकत करतो. एकभुक्ताला ती सोय नसते. बी-१२ शोषून घेणारी लहान आतड्यातली व्यवस्थाही एका जेवणात दीड-दोन मायक्रोग्रॅमवर भरून जाते. मुळात बी-१२ कमी मिळणाऱ्या शाकाहारी माणसाने म्हणूनच वर्षातून एकदा रक्ततपासणी करून घ्यावी.

उपाशीपोटी ताकदच राहत नाही, हा ऊर्जेच्या बाबतीतला गैरसमज दूर करायला हवा. वीस-एकवीस तासांच्या उपाशीपोटी यकृतातला ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, बराच उतरतो, पण स्नायूंतला बहुतांश जागेवर असतो. म्हणून पाच-पाच रेप्सचे, म्हणजे पाच-पाच वेळा उचलण्याचे, तीन जड सेट बहुधा नीट होतात. बारा-पंधरा रेप्सचे सेट लागोपाठ घ्यायला लागल्यावर दम तुटतो. व्यायामाची वही ठेवणाऱ्याला हे आधी कळते. समजा, स्क्वॉटला ८० किलोवर पहिला सेट १० रेप्सचा होतो, तोही नेहमीसारखा. पण चौथा पूर्वी ८ व्हायचा, तो ५वर येतो आणि दोन-तीन आठवडे तिथेच अडकतो. त्याच काळात वजन उतरत असेल आणि कंबर तेवढीच राहिली असेल, तर स्नायू जात असल्याचा संशय घ्यावा. हात-पाय गार पडणे, पुरुषांत कामेच्छा मंदावणे, स्त्रियांत पाळी लांबणे किंवा थांबणे ही तूट खोल गेल्याची लक्षणे आहेत. पाळी थांबली तर एकभुक्त तत्काळ सोडून डॉक्टरांकडे जावे.

समर्थनार्थ अनेकदा २०१६चा एक इटालियन अभ्यास पुढे केला जातो. आठ तासांच्या खिडकीत जेवणाऱ्या कसलेल्या पुरुषांनी आठ आठवड्यांत चरबी घटवली आणि स्नायू राखले, असे त्यात दिसले. पण ते लोक दुपारी एक, चार आणि रात्री आठ असे तीनदा जेवत होते, शिवाय त्यांचे टेस्टोस्टेरॉन घटले होते. एकदाच जेवणाऱ्याला तो आधार लागू होत नाही. प्रत्यक्ष एकदाच जेवण्याचा २००७चा अमेरिकन प्रयोग निरोगी मध्यमवयीनांवर झाला. त्यात चरबी थोडी कमी झाली, पण भूक आणि रक्तदाब वाढला. ते लोक वजने उचलणारे नव्हते.

व्रत म्हणून एकभुक्त राहणाऱ्याने जेवण सोडण्यापेक्षा व्यायाम हलवावा. एकासणे सूर्यास्तापूर्वी आटोपत असेल तर त्या जेवणाच्या दोनेक तास आधी व्यायाम करावा. बारवरचे वजन तेच ठेवावे आणि सेट निम्मे करावेत. ताकद टिकवायला थोडे जड सेट पुरतात. व्रत नसलेल्याने दुपारी चारला पाव किलो दही आणि व्हेचा एक स्कूप घेतला, की ३० ग्रॅमच्या वर प्रोटीन ताटाबाहेर निघते आणि रात्री तिसरी भाकरी सुटली तरी हिशेब लागतो. मग त्याला एकभुक्त म्हणता येत नाही, एवढेच. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असलेले, गरोदर स्त्रिया, अठराच्या आतली मुले आणि पूर्वी खाण्याचा विकार होऊन गेलेले, यांनी ही पद्धत करून पाहू नये.