एका तेरजेत तीन दर कुठून आले

परदेशी शाखेची तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी, रुपयांत आणताना एकाच कागदावर तीन दर का लागतात, हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी विचारतंच. उत्तर इतिहासात आहे.

ब्रेटन वुड्‌स कराराच्या काळात विनिमय दर बांधलेले होते. अडचण यायची ती अवमूल्यनाच्या दिवशी. 6 जून 1966 रोजी डॉलर 4.76 रुपयांवरून 7.50 वर गेला, तेव्हा जुनं यंत्र कोणत्या दराने दाखवायचं हा प्रश्न उभा राहिला; पण असे दिवस क्वचित येत. 1973 मध्ये मोठी चलनं तरंगती झाली आणि तोच प्रश्न रोजचा झाला.

अमेरिकेने 1975 मध्ये ‘एफएएस 8’ हे हिशेबाचं मानक आणलं. यंत्र मूळ, म्हणजे खरेदीच्या दिवसाच्या दराने, कर्ज बंद, म्हणजे हिशेबाच्या शेवटच्या दिवसाच्या दराने आणि सगळा फरक थेट नफा-तोट्यात. परदेशातला कारखाना तिथल्याच कर्जावर उत्तम चालला असला, तरी तिथलं चलन वधारलं की कर्ज फुगायचं, यंत्र जागेवरच राहायचं आणि तिमाहीत तोटा दिसायचा. कंपन्यांची ओरड रास्त होती. 1981 च्या ‘एफएएस 52’ने स्वतंत्रपणे चालणाऱ्या परदेशी व्यवसायाची सगळी मालमत्ता आणि देणी बंद दराने घेतली आणि फरक राखीव निधीसारखा भांडवलाच्या बाजूला नेला. तेही मानक ठरवणाऱ्या मंडळाच्या 4 विरुद्ध 3 मतांनीच.

आपल्या 2003 च्या एएस 11 या मानकात दोन्ही वाटा आहेत. मुख्य कार्यालयाचाच हात असलेली शाखा पहिल्या वाटेने जाते, स्वतंत्र चालणारी दुसरीने.

लंडनची एक काल्पनिक शाखा घेऊ, घसारा आणि साठा बाजूला ठेवून. यंत्र 10,000 पौंड, येणी व बँक 9,000, खर्च 16,000. समोर विक्री 20,000, देणी 3,000, मुख्य कार्यालय खातं 12,000. यंत्र गेल्या वर्षी 80 च्या दराने घेतलं. यंदाचा सरासरी दर 100, तो विक्री आणि खर्चाला; बंद दर 105, तो येणी, बँक आणि देण्यांना. मुख्य कार्यालयाने यंत्रासाठी 10,000 पौंड 80 ने पाठवले, आणि वर्षाच्या तोंडावर 2,000 पौंड 95 ने. म्हणून ते खातं 9,90,000 रुपये.

पहिल्या वाटेने नावे बाजू 33,45,000 आणि जमा 33,05,000 येते. फरक 40,000, आणि तो नफा. यंत्रही बंद दराने घेतलं की फरक 2,90,000 होतो, पण तो नफ्यात न जाता राखीव निधीत जातो.

सर्वांत जास्त चूक होते ती मुख्य कार्यालय खात्यावर. ते बंद दराने गुणलं की 12,60,000 होतं आणि पहिल्या वाटेवरचा 40,000 चा नफा 2,30,000 चा तोटा होऊन बसतो. त्या खात्याला दर लावायचाच नसतो. मुख्य कार्यालयाच्या वहीतला रुपयांचा आकडा जसाच्या तसा उचलायचा.

पडताळा सोपा आहे. शाखेकडे निव्वळ पौंडातला पैसा 2,000 होता, व्यवसायातून 4,000 आला, शेवटी 6,000. त्यांचे 6,30,000 रुपये. त्यातून 1,90,000 आणि 4,00,000 वजा केले की 40,000 उरतात. हा आकडा तेरजेतल्या फरकाशी जुळला नाही, तर मी आधी मुख्य कार्यालय खातंच उघडतो.