‘चाळीस के’ का मिळत नाही? रेझिस्टरचे रंग आणि व्होल्टेज डिव्हायडरची जोडी

लॅमिंग्टन रोडवरच्या, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरच्या, कुठल्याही सुट्या भागांच्या दुकानात ‘चाळीस के’चा, म्हणजे चाळीस हजार ओहमचा, रेझिस्टर मागून पाहा. उत्तर येईल, “एकोणचाळीस के आहे, देऊ?” नवख्या माणसाला वाटतं की या दुकानात माल कमी आहे, आणि तो पुढच्या दुकानाकडे वळतो. पण तिथेही ४० के नसतो. याला दुकानदार जबाबदार नाही. रेझिस्टरच्या ओहममधल्या किमती ज्या ठरलेल्या मालिकांमधून येतात, त्यांत ४० हा आकडाच नाही. तो का नाही हे एकदा कळलं की व्होल्टेज डिव्हायडरसाठी, म्हणजे व्होल्टेज ठरावीक प्रमाणात कमी करणाऱ्या जोडीसाठी, रेझिस्टर निवडणं फार सोपं होतं.

उदाहरण घेऊ. वीज गेल्यावर वायफाय राउटर चालू राहावा म्हणून घरी १२ व्होल्टची, ७ अँपिअर-अवरची सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी ठेवली आहे. तिचा व्होल्टेज रास्पबेरी पाय पिको या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाने मोजायचा आहे. पिकोची मोजणारी पिन ३.३ व्होल्टपर्यंतच घेते, आणि चार्जिंगच्या वेळी बॅटरी साडेचौदाच्या आसपास जाते. म्हणून १५ व्होल्टचे ३ व्होल्ट करायचे, म्हणजे एक पंचमांश. दोन रेझिस्टर एकामागोमाग जोडायचे. वरचा R1 बॅटरीच्या धन टोकाला, खालचा R2 ऋण टोकाला, आणि दोघांच्या मधल्या बिंदूवरून पिकोला तार. पिकोचा ग्राउंड आणि बॅटरीचं ऋण टोक एकत्र जोडलेलं हवं. मधल्या बिंदूवर मिळतं ते असं:

```
Vout = Vin × R2 / (R1 + R2)
```

एक पंचमांश हवा तर R1 हा R2 च्या चौपट लागतो. वहीत सहज लिहिलं जातं ते ४० के आणि १० के. इथेच गाडी अडते.

नेहमी लागणारी मालिका ई-१२. तिच्यात दर दशकात बाराच आकडे: १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२. त्यापुढे १००, १२०, १५० असे तेच आकडे दहापट होऊन येतात. आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने १९५२ साली ही पद्धत मानक म्हणून प्रसिद्ध केली. शेजारच्या दोन आकड्यांत बेरजेचं अंतर सारखं नाही, गुणाकाराचं मात्र जवळपास सारखं आहे. प्रत्येक आकडा आधीच्याच्या साधारण १.२१ पट. १.२१ ला बारा वेळा स्वतःशी गुणलं की जवळजवळ १० येतात, म्हणून बारा पावलांत एक दशक संपतं.

ही मालिका १० टक्के अचूकतेच्या रेझिस्टरसाठी आखलेली आहे. २७ चा रेझिस्टर प्रत्यक्षात २४.३ ते २९.७ पर्यंत कुठेही असू शकतो. ३३ चा २९.७ ते ३६.३ पर्यंत. एकाची हद्द संपते तिथेच दुसऱ्याची सुरू होते. ३९ चा रेझिस्टर ३५.१ ते ४२.९ पर्यंत चालतो, म्हणजे ४० आधीच त्याच्या हद्दीत आला. वेगळा ४० बनवून काही साधत नाही.

आता मुख्य युक्ती. डिव्हायडरला रेझिस्टरची नेमकी किंमत लागत नाही, लागतं ते दोघांचं गुणोत्तर. आणि या मालिकेत गुणोत्तर म्हणजे पावलांची संख्या. १० पासून मोजा: १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९. सात पावलांत ३.९ पट झालो. हिशेबाने सात पावलं म्हणजे ३.८३ पट आणि आठ पावलं म्हणजे ४.६४ पट. आपल्याला ४ हवेत, म्हणजे सात पावलांच्या जोड्याच कामाच्या. बाराही आकड्यांवर सात-सात पावलं मोजली की बारा जोड्या मिळतात, आणि त्यांतलीच एक निवडायची.

या बारा जोड्या एकसारख्या नाहीत, आणि खरी गंमत इथेच आहे. ३३ आणि १२० ची जोडी ३.६४ देते. १५ आणि ५६ ची ३.७३, ४७ आणि १८० ची ३.८३, ६८ आणि २७० ची ३.९७, तर ८२ आणि ३३० ची ४.०२. पावलं सातच, मग फरक कुठून आला? मालिकेतले आकडे गणिताने येतात तसे छापलेले नाहीत, दोन अंकांत बसवलेले आहेत. ३३ च्या जागी गणित ३१.६ म्हणतं, म्हणजे छापील आकडा वर सरकलेला आहे. ८२ च्या जागी गणित ८२.५ म्हणतं, म्हणजे तिथे छापील आकडा किंचित खाली आहे. वर सरकलेल्याला खाली सरकलेल्याने भागलं की गुणोत्तर फुगतं आणि ३.८३ चं ४.०२ होतं. उलट ३३ खाली आणि १२० वर घेतला की तोच फुगवटा गुणोत्तर कमी करतो. म्हणजे गोलाईतली चूक आपल्या उपयोगी पडते. फक्त योग्य जोडी शोधायला हवी.

आपली जोडी ठरली: वर ३३ के, खाली ८.२ के. १५ व्होल्टला मधल्या बिंदूवर २.९८५ व्होल्ट. पिकोची ३.३ व्होल्टची हद्द गाठायला बॅटरीला साडेसोळाच्या वर जावं लागेल. दोघांतून सतत वाहणारा प्रवाह सुमारे ०.३ मिलिअँपिअर, म्हणजे महिन्याला सुमारे ०.२२ अँपिअर-अवर. ७ अँपिअर-अवरच्या बॅटरीला तो जाणवत नाही. तापण्याचाही प्रश्न नाही, पाव वॅटचे नेहमीचे रेझिस्टर पुरतात. नेमकं दुप्पट गुणोत्तर हवं असेल तेव्हा मात्र ई-१२ अडते, कारण २ हे तीन आणि चार पावलांच्या मध्ये पडतं. तेव्हा १० के चे तीन सारखे रेझिस्टर घ्यायचे, दोन वर आणि एक खाली.

आता रंग. काळा ०, तपकिरी १, लाल २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७, करडा ८, पांढरा ९. चार पट्ट्यांच्या रेझिस्टरवर पहिले दोन अंक, तिसऱ्या पट्टीवर किती शून्यं द्यायची ते, आणि चौथी पट्टी अचूकतेची. ३३ के म्हणजे नारिंगी, नारिंगी, नारिंगी, सोनेरी: ३, ३ आणि तीन शून्यं. ८.२ के म्हणजे करडा, लाल, लाल, सोनेरी. सोनेरी म्हणजे ५ टक्के. पुष्कळांना ही पट्टी भारी मालाची खूण वाटते, पण एक टक्क्याची साधी तपकिरी पट्टी तिच्यापेक्षा सरस. अंगठीतल्या खड्याच्या रंगात ग्रहांची ताकद शोधणारे शोधोत. इथे रंग हा फक्त ठरवून घेतलेला अंक आहे, आणि तो खरा की खोटा हे मल्टिमीटर दोन सेकंदांत सांगतो.

सोनेरी पट्टीचा एक मोठा फायदा आहे: ती अंक असू शकत नाही, त्यामुळे वाचायला कुठून सुरुवात करायची हे आपोआप कळतं. एक टक्क्याच्या निळ्या मेटल फिल्म रेझिस्टरवर, दुकानात ज्याला एमएफआर म्हणतात, ही सोय नसते. त्यावर पाच पट्ट्या असतात: तीन अंक, शून्यं आणि शेवटी तपकिरी. त्यात ८.२ के असा दिसतो: करडा, लाल, काळा, तपकिरी, तपकिरी. उलटा धरून वाचलात तर तपकिरी, तपकिरी, काळा, लाल, म्हणजे ११ के. ३३ के उलटा वाचला तर १२० के. ११ आणि १२० हे दोन्ही बाजारात मिळणारे आकडे आहेत, त्यामुळे चूक मनाला खटकतच नाही. इथे शेवटच्या पट्टीचा रंग उपयोगी पडतो. उलट्या वाचनात अचूकतेच्या जागी करडा किंवा नारिंगी येतो, आणि साध्या रेझिस्टरवर त्या जागी हे रंग जवळपास कधीच नसतात. १० के ला मात्र हीही मदत नाही. तपकिरी, काळा, काळा, लाल, तपकिरी उलटा वाचला की नेमका १ टक्क्याचा १२० ओहम होतो, दोन्ही वाचनं निर्दोष. अचूकतेची पट्टी इतरांपासून जरा दूर छापायची रीत आहे, पण इतक्या छोट्या अंगावर ते अंतर बहुतेक वेळा दिसत नाही. शिवाय निळ्या पार्श्वभूमीवर, पिवळ्या दिव्याखाली, तपकिरी, लाल आणि नारिंगी यांत हमखास गफलत होते. म्हणून पाच पट्ट्यांचा रेझिस्टर लावण्याआधी मोजायचाच, आणि तोही सर्किटमधून सुटा करून, नाहीतर त्याला जोडलेल्या बाकीच्या वाटाही मोजल्या जातात.

अचूकतेचा परिणाम किती होतो ते याच जोडीवर पाहू. पूर्ण चार्ज झालेली, शांत पडलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते. मधल्या बिंदूवर २.५१ व्होल्ट यायला हवेत. ५ टक्क्यांचे रेझिस्टर असतील, आणि वरचा पुरता जास्त व खालचा पुरता कमी निघाला, तर २.३१ येतात. पिको त्यावरून बॅटरी ११.६ असल्याचं सांगेल, म्हणजे भरलेली बॅटरी रिकामी ठरेल. उलट बाजूने तोच आकडा १३.६ पर्यंत जातो. १ टक्क्याचे घेतले तर वाचन १२.४ ते १२.८ मध्ये राहतं. म्हणून इथे एमएफआरच घ्या. त्याहून चांगलं म्हणजे दोन्ही रेझिस्टर मोजा आणि तेच आकडे प्रोग्रॅममध्ये घाला. समजा ३२.९ के आणि ८.२४ के भरले:

```
k = 1 + 32.9 / 8.24
v = adc.read_u16() / 65535 * 3.3 * k
```

यातला adc म्हणजे पिकोची मोजणारी पिन. 3.3 हाही मोजूनच लिहायचा, पिकोच्या ३५ नंबरच्या पिनवर. प्रोग्रॅम गुणोत्तराची चूक भरून काढणार असेल, तर खरं सांगायचं तर ३९ के आणि १० के सुद्धा चालले असते. ४.०२ च्या मागे लागण्याचं महत्त्व खरं कळतं ते जिथे प्रोग्रॅम नसतो तिथे, उदाहरणार्थ ठरावीक व्होल्टेजला बॅटरी तोडणाऱ्या कम्पॅरेटरच्या सर्किटमध्ये.

पिको जोडण्याआधी मधला बिंदू मल्टिमीटरने तपासा. दोन रेझिस्टरांची अदलाबदल झाली तर तिथे १० व्होल्ट दिसतील. खालचा रेझिस्टर ब्रेडबोर्डवर सैल बसला असेल तर पुरा बॅटरी व्होल्टेज दिसेल. दोन्ही वेळा पिन धोक्यात. २.५ च्या जवळ असेल तरच तार जोडा, आणि ८.२ के ला समांतर १०४ छापलेला सिरॅमिक कपॅसिटर लावा म्हणजे वाचन हलत नाही.

आणि या मधल्या बिंदूवरून काहीही चालवू नका. पिकोची पिन जवळजवळ प्रवाह घेत नाही म्हणून हे सगळं जुळतं. तिथे १० के इतकाच भार जोडून पाहा: तो ८.२ के ला समांतर जाऊन खालचा भाग ४.५ के करतो, आणि २.५१ व्होल्टचे १.५१ होतात. पाच व्होल्टचा सेन्सर बारा व्होल्टवर दोन रेझिस्टर लावून चालवायचा बेत याच कारणाने फसतो. सेन्सर जसजसा कमीजास्त प्रवाह ओढतो तसतसा व्होल्टेज हलतो. तिथे ७८०५ सारखा रेग्युलेटर लागतो.