टायटल सिक्वेन्स (वेब मालिका)

वेब मालिकेच्या प्रत्येक भागाच्या सुरुवातीला, किंवा एखाद्या छोट्या प्रसंगानंतर, मालिकेचे नाव आणि प्रमुख श्रेयनामावली दाखवणारा चित्रखंड. ‘स्किप इंट्रो’चे बटण नेटफ्लिक्सवर 2017 साली आल्यापासून हा खंड आखताना प्रेक्षक तो मध्येच सोडेल हे गृहीत धरावे लागते. त्यामुळे मालिकेची जात, मग ती भयकथा असो वा कौटुंबिक विनोद, पहिल्या तीन-चार सेकंदांतच कळायला हवी.

आखणी चित्रांपासून नव्हे, नावांपासून सुरू करणे शहाणपणाचे. कोणाचे नाव कोणत्या क्रमाने आणि एकटे की जोडीने येणार, हे बहुधा करारात ठरलेले असते. समजा, 30 सेकंद हातात आहेत. अक्षरांविना सुरुवातीला 2 आणि मालिकेच्या नावाला 4 सेकंद दिले की 24 उरतात. चार मुख्य कलाकारांना प्रत्येकी 2 सेकंदांचे स्वतंत्र कार्ड दिले, तर 8 खर्च होतात. छायालेखक व संकलक, संगीतकार व कला दिग्दर्शक अशा दोन जोड्यांना 3-3 सेकंद लागतात. राहिलेल्या 10 सेकंदांत लेखक, निर्माते, मालिकेचा कर्ता आणि शेवटी दिग्दर्शक बसतात. एवढ्यात गणित संपते.

यानंतर आणखी तीन नावे आली की प्रत्येक कार्ड थोडे आखूड करण्याचा मोह होतो, आणि काम तिथेच बिघडते. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर 2 सेकंदांचे कार्ड 48 फ्रेमचे. नाव उमटायला 8 आणि विरायला 8 फ्रेम गेल्या की स्पष्ट वाचायला 32, म्हणजे जेमतेम 1.3 सेकंद उरतात. त्याहून कमी वेळात लांब आडनाव वाचून होत नाही. जादा नावे पहिल्या प्रसंगावर सरकवावीत, नाहीतर अंतिम नामावलीत द्यावीत. नावे विरघळवण्याऐवजी थेट कापून बदलली तरी बराच वेळ वाचतो.

देवनागरीत आणखी एक अडचण येते. रोमन शीर्षकांत अक्षरे हळूहळू एकमेकांपासून दूर सरकवण्याची चाल फार वापरली जाते. तीच इथे उचलली तर शिरोरेषा तुटते आणि शब्दाची लक्तरे होतात. त्याऐवजी अख्खा शब्द किंचित मोठा करत न्यावा. वेलांट्या आणि उकारांसाठी दोन ओळींत रोमनपेक्षा जास्त जागा सोडावी लागते. बारीक रेषांचा टंक संगणकावर देखणा दिसतो, फोनवर मात्र गायब होतो. म्हणून तपासणी फोनवर, आवाज बंद करून, मजकूर माहीत नसलेल्या माणसाकडून करून घेतात. एखादे नाव त्याला वाचता आले नाही, तर दोष बहुधा त्यामागच्या गजबजलेल्या चित्राचा असतो.

लेखक-दिग्दर्शक भागागणिक बदलत असतील, तर ती कार्डे वेगळ्या थरावर ठेवतात. अक्षरांविना असलेली मूळ प्रतही जपून ठेवावी लागते, कारण दुसऱ्या भाषेतील आवृत्तीसाठी नावे तिच्यावरच नव्याने चढवली जातात.